दाराचं पॅड काढताना क्लिपा कशा वाचवायच्या

प्रश्न: माझी २०१४ची हॅचबॅक आहे, राहतो पेडण्याला. ड्रायव्हरकडची काच वर जाताना मधेच अडते, म्हणून दाराचं आतलं पॅड घरीच काढून बघायचं आहे. मागच्या वर्षी एका ठिकाणी स्पीकर बदलून घेतला तेव्हा तीन क्लिपा तुटल्या आणि तेव्हापासून दार खडखडतं. या क्लिपा बाहेरून दिसतच नाहीत. मग न तोडता त्या काढायच्या कशा?

उत्तर:

तुमच्या दारावर आधी कुणाचा तरी हात फिरलाय, हे सांगितलंत ते बरं केलंत. अशा दारात कुठली क्लिप जुनी, कुठली बाजारातून आणून जमवलेली आणि कुठे नुसताच गोंद फासलाय, हे पॅड हातात आल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे कंपनीतून आलं तसं दार समजून ओढायला जाऊ नका.

आधी मागे काय असतं ते डोळ्यांसमोर आणा. दाराच्या आतल्या पत्र्याला साधारण आठ मिलिमीटरची गोल भोकं असतात. क्लिपचा दांडा त्या भोकात जातो. दांड्याला पाकळ्या असतात, आत जाताना त्या मिटतात आणि पलीकडे गेल्यावर फुलतात. क्लिपचं डोकं मात्र पत्र्यात नसतं. ते पॅडच्या मागच्या बाजूला ओतलेल्या एका छोट्या खोक्यात, एका बाजूने उघड्या खाचेत सरकवलेलं असतं. आम्ही त्याला क्लिपचं घर म्हणतो. म्हणजे तुटण्यासारख्या जागा दोन: क्लिपची मान आणि क्लिपचं घर. मान तुटली तर काही रुपयांची नवी क्लिप येते. घर फाटलं तर ते पॅडचाच भाग असल्यामुळे अख्खं पॅड नवं घ्यावं लागतं, नाहीतर डागडुजी करावी लागते. म्हणून माझं सगळं लक्ष घर वाचवण्यावर असतं. क्लिपा मी दर वेळी पाच-सहा जास्तीच्या आणून ठेवतो आणि एखादी गेली तर मनाला लावून घेत नाही.

आता तुटतं कशामुळे? भिंतीतली लाकडी खुंटी सरळ आपल्याकडे ओढली तर निघते, आडवी दाबली तर मोडते. क्लिपचंही तसंच आहे. माणूस पॅडची खालची कड दोन्ही हातांनी धरतो आणि जोर लावतो. हात जिथे आहेत तिथली क्लिप सुटते, पण वीतभर पुढची क्लिप अजून भोकात असते आणि पॅड मात्र वाकून तिरकं झालेलं असतं. त्या क्लिपच्या दांड्यावर सरळ ओढ न येता मोड येतो. नवी क्लिप हे सहन करते, कारण ती लवचिक असते. दहा वर्षं उन्हात तापलेली क्लिप कडक होते आणि मानेपाशी कटकन जाते. मान जर दणकट निघाली तर खाचेचे ओठ फाटतात, आणि ते जास्त वाईट.

यावर उपाय एकच. जोर क्लिपला लागूनच लावायचा, तोही पत्र्यापासून सरळ बाहेरच्या दिशेने. त्यासाठी क्लिप नेमकी कुठे आहे हे आधी कळायला हवं.

न दिसणाऱ्या क्लिपा शोधायला मी पॅडच्या खालच्या मागच्या कोपऱ्यापासून, म्हणजे बिजागरीच्या विरुद्ध टोकापासून सुरुवात करतो. तिथे हात घालायला जागा असते आणि दार उघडं ठेवून जमिनीवर बसून नीट बघता येतं. आधी पत्र्याच्या रंगावर कडेने मास्किंग टेप लावा. मग प्लॅस्टिकची पातळ पट्टी पॅड आणि पत्र्याच्या फटीत सरकवून तीन-चार मिलिमीटर फट उघडा, याहून जास्त नाही. मोबाइलचा टॉर्च फटीच्या एका टोकाला धरा आणि दुसऱ्या टोकाकडून बघा. फटीतून आडवा उजेड येतो आणि त्यात क्लिपचा दांडा काळ्या ठिपक्यासारखा उभा दिसतो. दिसला की पॅडच्या बाहेरच्या अंगाला त्याच्या समोर टेपचा तुकडा चिकटवा. पुढची क्लिप बहुतेक वेळा १५ ते २० सेंटिमीटरवर सापडते. डावं-उजवं दार एकमेकांचं आरशातलं रूप असतं. त्यामुळे एका दाराचं माप घेऊन ठेवलंत तर दुसऱ्याला शोधावं लागत नाही.

हत्याराबद्दल. बाजारात नायलॉनच्या, टोकाला इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेल्या पट्ट्या मिळतात, त्या घ्या. खाच दांड्याच्या दोन्ही बाजूंनी बसते, त्यामुळे जोर आपोआप क्लिपला लागून आणि सरळ पडतो. नसेल तर रंगाऱ्याची लांबी भरायची रुंद पट्टी कडेला टेप गुंडाळून चालते. स्क्रू ड्रायव्हर मात्र चालत नाही. तो एका टोकावर सगळा जोर देतो, पॅडची कड चेपतो आणि पत्र्याचा रंग उडवतो. आपल्या खाऱ्या हवेत उडालेल्या रंगाखाली पावसाळा संपायच्या आत गंज धरलेला दिसतो.

पण पट्टी घालण्याआधीचं एक काम लोक विसरतात, आणि माझ्या अनुभवात घरं फाटण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे: एखादा स्क्रू आत राहून जाणं. मांद्र्याच्या एका गिऱ्हाइकाची गाडी चवथीच्या चार दिवस आधी माझ्याकडे आली होती. तक्रार तुमच्यासारखीच, उजवीकडची पुढची काच अडत होती. चवथीआधी सगळ्यांनाच घाई असते, आणि त्या दिवशी शेडमध्ये सहा गाड्या उभ्या होत्या. मी माझ्याकडच्या मुलाला म्हटलं, पॅड खोल. त्याने दोन स्क्रू काढले. एक आतल्या हँडलच्या वाटीतला, छोट्या टोपीखालचा, आणि दुसरा कडेला दिसणारा. खालच्या तीन क्लिपा छान सुटल्या, पुढच्या कडेच्या तीनही सुटल्या. मागच्या कडेच्या दोन सुटल्या. मधला भाग, आर्मरेस्टपाशी, सुटेना. त्याने दोन्ही हात लावून ओढलं आणि चर्र असा आवाज आला. तिसरा स्क्रू दार ओढून घ्यायच्या खोलगट मुठीच्या तळाशी, रबराच्या छोट्या चटईखाली होता. पॅड तिथे पत्र्याला घट्ट धरलेलं होतं, त्यामुळे सगळी ओढ शेजारच्या नवव्या क्लिपवर गेली आणि तिचं घर मुळापासून उपटलं. चूक त्या मुलाची नव्हती. आधी स्क्रू मोजून घे, हे मीच सांगितलं नव्हतं.

म्हणून तुम्ही हँडलच्या वाटीतली टोपी, आर्मरेस्टच्या मुठीचा तळ, आरशाच्या मागचा प्लॅस्टिकचा त्रिकोण आणि पॅडची खालची कड अशा चार जागा बोटाने चाचपून बघा. रबर किंवा टोपी दिसली की नखाने उचला. खालच्या कडेला कधी कधी मध्ये ठिपका असलेली गोल टिकली असते. तिची मधली पिन आधी आत दाबावी किंवा बाहेर काढावी लागते, मग टिकली सुटते. ती पट्टीने उपटायला गेलात तर मोडणारच. मागच्या दारांना हाताने फिरवायची काच असेल तर फिरकीच्या मागे घोड्याच्या नालाच्या आकाराची तारेची क्लिप असते. जुनं फडकं फिरकीच्या मागे घालून बूट पुसतात तसं मागे-पुढे ओढलं की ती सुटून उडते. उडते म्हणजे खरंच उडते, तेव्हा दुसरा हात समोर धरा.

काढलेला प्रत्येक स्क्रू मी कागदावर दाराचं ओबडधोबड चित्र काढून त्याच्या जागी टोचून ठेवतो. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर आत काहीतरी टोचतं.

आणखी एक. काच पूर्ण वर करून घ्या, मगच बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा आणि काही मिनिटं थांबा. तुमची काच वर जात नसेल तर तिला चिकटपट्टीने वरच्या चौकटीला बांधा, नाहीतर काम करताना ती खाली घसरेल. पॅडच्या मागे तारा जोडणारा पिवळा कपलर दिसला तर तो एअरबॅगच्या यंत्रणेचा समजा. त्याला हात न लावता काम होत असेल तर करा, नाहीतर तिथेच थांबून माहीतगाराकडे गाडी न्या.

आता प्रत्यक्ष काढणं. खुणेच्या क्लिपला लागून पट्टी पत्र्याच्या बाजूने आत घाला, खाच दांड्यावर बसवा आणि पट्टी सावकाश फिरवून पॅड बाहेर ढकला. झटका नको. दुसऱ्या हाताचा तळवा बाहेरून त्याच जागेवर ठेवा, म्हणजे पॅड एकदम उसळून पुढच्या क्लिपला ओढणार नाही. क्लिप भोकातून सुटली की स्वच्छ, कोरडा ‘टक्’ आवाज येतो. हा आवाज ओळखायला शिका. चर्र किंवा करकर ऐकू आली तर ती क्लिप सुटत नसून घर फाटू लागलंय, हात लगेच थांबवा आणि पट्टी क्लिपच्या आणखी जवळ घ्या. काहीच आवाज न येता पॅड फुगल्यासारखं बाहेर येत असेल आणि एका जागी घट्ट राहिलं असेल, तर तिथे स्क्रू आहे. मांद्र्याच्या गाडीचं पॅड तसंच फुगलं होतं.

खालची ओळ झाली की एक बाजू खालून वर, मग दुसरी बाजू. वरची कड क्लिपांवर नसते. बहुतेक गाड्यांत ती काचेजवळच्या पत्र्याच्या ओठावर अडकवलेली असते, शिवाय काचेला घासणारी रबरपट्टीही तिला धरून असते. म्हणून वरचा भाग बाहेर ओढायचा नाही. बाजू सुटल्या की दोन्ही हातांनी पॅड सरळ वर दोन-तीन सेंटिमीटर उचला, की ते निघतं. लॉकची दांडी आडवी येत असेल तर तिची टोपी आधी फिरवून काढा.

निघालं म्हणून लगेच बाजूला न्यायचं नाही. मागे तारा असतात. गुडघ्यावर किंवा स्टुलावर पॅड टेकवा, एक फोटो काढा, मग खटका दाबून कपलर सोडा. कपलरचं अंग धरून ओढा, तारा धरून नको. हँडलच्या केबलची प्लॅस्टिकची कडी खाचेतून बाजूला सरकवली की केबलचं टोक फिरवून निघतं. ते जोराने ओढलं तर कडी मोडते, आणि सुटी कडी मिळायला फिरावं लागतं.

उन्हाबद्दल बरेचजण विचारतात. क्लिप ऊबेला मऊ होते हे खरं, म्हणून गाडी थोडी उबदार असेल तेव्हा काम सोपं जातं. पण भर दुपारच्या उन्हात उभी असलेली गाडी सावलीत घेऊन लगेच पॅड ओढू नका. पॅडही तेवढंच मऊ झालेलं असतं आणि वाकून त्याला कायमची घडी पडते. सकाळी दहाच्या सुमाराला, सावलीत, हे माझं वेळापत्रक.

पॅड हातात आलं की पत्र्यात अडकून राहिलेल्या क्लिपा मोजा. जी क्लिप डोक्यासकट पत्र्यात राहिली, ती घरातून निसटली आहे. असं झालं तर खाचेचे ओठ तपासा. ओठ शाबूत असतील तर क्लिप पत्र्यातून पट्टीने उपसून परत घरात सरकवा. लावताना सगळ्या क्लिपा पॅडवरच हव्यात, पत्र्यात एकही नको. प्रत्येक क्लिपची मान उजेडात वाकवून बघा. पांढरी रेघ दिसली की ती फेकून द्या, ती पुढच्या वेळी मोडणार. पाकळ्या पसरून सैल झाल्या असतील तरी फेका. नायलॉनच्या चांगल्या क्लिपा लावण्याआधी दहा मिनिटं गरम पाण्यात टाकून ठेवल्या की जरा नरम होतात आणि सहज बसतात. क्लिपच्या मानेभोवती फोमची किंवा रबराची चकती असेल तर ती हरवू देऊ नका, त्या भोकातून पाणी आत येऊ नये म्हणून ती असते.

नवी क्लिप आणायला जाताना एक शाबूत क्लिप खिशात घेऊन जा. गाडीचं नाव आणि साल सांगून उपयोग होत नाही. म्हापशाच्या दुकानात एकाच रंगाच्या, दिसायला एकसारख्या चार क्लिपा समोर ठेवतात. दांड्याची जाडी, दांड्याची लांबी आणि डोक्याचा व्यास, या तिन्ही गोष्टी जुळायला हव्यात. दांडा अर्धा मिलिमीटर बारीक असला तर क्लिप बसते पण धरत नाही, आणि मग दार खडखडतं. तुमच्या दाराचा आवाज बहुधा यातूनच येतोय. दुसरी शक्यता म्हणजे भोकाची कड गंजून भोक मोठं झालं असेल. तिथे गंज घासून झिंक प्रायमर आणि वर रंग लावा, वाळू द्या आणि मगच क्लिप बसवा. शुक्रवारी मात्र म्हापशात जाऊ नका, बाजाराच्या गर्दीत गाडी लावायलाच तास जातो.

फाटलेल्या घराचं काय? मांद्र्याच्या गाडीला मी काय केलं ते सांगतो. पॅडच्या मागे ओतीव अक्षरांत पीपी असं लिहिलं होतं, म्हणजे पॉलिप्रोपिलीन. या प्लॅस्टिकला झटपट चिकटणारा गोंद धरत नाही, साधं इपॉक्सीही सोलून निघतं. त्याला वितळवूनच जोडावं लागतं. उपटलेलं घर नेमक्या जागी धरलं. पॅडची पुढची बाजू ओल्या फडक्यावर टेकवली, कारण अंग जेमतेम तीन मिलिमीटर जाड असतं आणि उष्णता आरपार गेली तर समोर डाग उमटतो. मग सोल्डरिंगच्या इस्त्रीने घराच्या बुडाभोवती दोन्ही बाजूंचं प्लॅस्टिक थोडं थोडं वितळवून एकमेकांत मिसळलं, आणि वरून जुन्या पीपीच्या तुकड्याची पट्टी काडीसारखी वापरून भर घातली. खिडक्या उघड्या ठेवून, धूर नाकात न घेता. एका घराला वीस मिनिटं लागली. पीपीऐवजी एबीएस लिहिलेलं असेल तर काम सोपं, त्याला चांगला गोंद धरतो.

तुमच्या पॅडवर आधीच्या माणसाने गोंद लावलेला सापडला तर तो आधी खरवडून काढा, मग वितळवा. गोंदावर वितळवलेलं प्लॅस्टिक बसत नाही.

पॅडच्या मागे पत्र्यावर प्लॅस्टिकचा पातळ कागद असतो, काळ्या चिकट दोरीसारख्या ब्यूटाइलने कडेने चिकटवलेला. काच वर-खाली करणाऱ्या रेग्युलेटरपर्यंत जायला तो सोडवावा लागेल. त्याला फाडू नका. काचेवरून ओघळणारं पावसाचं पाणी दाराच्या आत नेहमीच जातं आणि खालच्या निचऱ्याच्या भोकांतून बाहेर पडतं. तो कागद हे पाणी गाडीच्या आत येऊ देत नाही. कागद फाटलेला किंवा नीट न चिकटवलेला असला तर आपल्याकडच्या जुलैच्या पावसात पायाखालची चटई भिजते, आणि लोक विंडशील्डचं रबर बदलत बसतात. काळ्या दोरीच्या मधोमध ब्लेड फिरवून कागद सोडवा, म्हणजे दोन्ही बाजूंना ब्यूटाइल राहतं आणि परत त्याच जागी दाबलं की चिकटतं. धूळ लागू देऊ नका. पुरेसं उरलं नसेल तर ब्यूटाइलची नवी पट्टी आणा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, वाळताना त्यातून अॅसिड सुटतं आणि उघड्या पत्र्याला गंज आणतं. दार उघडं आहेच तर खालची निचऱ्याची भोकंही तारेने मोकळी करून घ्या. आमच्या डिचोलीकडच्या गाड्यांत ती लाल मातीने हमखास बुजलेली असतात.

परत लावताना क्रम उलटा. आधी तारा आणि हँडलची केबल जोडा, बॅटरी लावून बटण, लॉक, काच चालते का बघा, मगच पॅड बसवा. वरची कड आधी अडकवा आणि खाली दाबा. बहुतेक पॅडला एक-दोन गुळगुळीत, पाकळ्या नसलेले खुंट असतात. ते फक्त जागा जुळवण्यासाठी असतात, ते आपल्या भोकांत गेले की सगळ्या क्लिपा समोरासमोर येतात. मग प्रत्येक क्लिपवर तळहाताच्या मुळाने एकेक ठोका. एखादी क्लिप पहिल्या-दुसऱ्या ठोक्यात बसली नाही तर तिसरा घालू नका. दांडा भोकाच्या बाहेर पत्र्यावर टेकलाय. पट्टीने फट उघडून बघा, दांडा सरळ करा, मग दाबा.

बसल्यानंतर हाताने कडेने चाचपा. कुठे फट बोटाला लागली तर तिथली क्लिप अर्धीच गेली आहे. बॅटरी सोडल्यामुळे एका स्पर्शात वर जाणारी काच थोडा वेळ नीट चालणार नाही. बहुतेक गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवलं की ती पुन्हा शिकते.

मांद्र्याचा तो माणूस चवथ आटोपून परत आला, तेव्हा मी त्याला खडबडीत रस्त्यावरून एक फेरी मारायला लावली. आर्मरेस्टपाशी, जिथे घर वितळवून जोडलं होतं, तिथे आवाज नव्हता. पुढच्या कडेला होता. तिथली एक क्लिप मी जुनीच परत वापरली होती. ती बदलली.